नवा फ्रीज गार होत नाही, पैसे परत हवेत: पहिला तक्रारीचा मेल कसा लिहायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घरगुती उपकरणांच्या एका सर्व्हिस सेंटरच्या ऑफिसात बसून मी काही वर्षं ग्राहकांचे मेल वाचले. आता ते काम सोडलंय, पण ओळखीपाळखीतले लोक अजून मेल दाखवायला येतात. खालचे प्रश्न त्यांचेच. उदाहरण सगळीकडे एकच ठेवलंय: आमच्या शेजारच्या वहिनींचा फ्रीज. तो नाशिकमधल्या दुकानातून १२ ऑक्टोबर २०२५ ला ३४,५०० रुपयांना घेतला आणि तीन आठवड्यांत त्याच्या खालच्या कप्प्यातलं दूध नासायला लागलं.

टोल फ्री नंबरवर तीनदा तक्रार नोंदवली आहे. मग मेल कशाला?

फोनवरच्या तक्रारीची नोंद कंपनीकडे असते, तुमच्याकडे नसते. शिवाय ती नोंद कंपनीच्या भाषेत असते. तुम्ही पाच मिनिटं घसा कोरडा करून सांगता की दूध नासतंय, भाजी सुकतेय, दोनदा माणूस येऊन गेला. समोरचा माणूस संगणकावर ‘कूलिंग लो’ एवढंच निवडतो. टेक्निशियन येतो, काहीतरी करतो, तक्रार बंद होते. पुढच्या वेळी फोन केलात की नवा क्रमांक मिळतो आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कंपनीच्या पडद्यावर तीन सुटलेल्या तक्रारी दिसतात, एक न सुटलेला फ्रीज दिसत नाही.

मेलमुळे हे तिन्ही तुकडे एका दोरीत ओवले जातात. पैसे परत मागण्याची तारीखही तिथूनच मोजता येते. फोनवर ‘पैसे परत द्या’ म्हटलं होतंत की नाही, हे सहा महिन्यांनी कोण सांगणार?

मेल कुणाला पाठवायचा, दुकानदाराला की कंपनीला?

दोघांनाही, एकाच मेलमध्ये. दोघांचे पत्ते ‘टू’मध्येच टाका. कंपनीला ‘सीसी’त टाकलं की तिला वाटतं, ही माहितीसाठी प्रत आहे. दुकानदार म्हणतो कंपनीशी बोला, कंपनी म्हणते डीलरशी बोला. हा टोलवाटोलवीचा खेळ बंद करायचा तर दोघांना एकमेकांची नावं दिसली पाहिजेत.

पैसे कुणी घेतले, त्याचं नाव बिलावर असतं. परतावा आधी त्याच्याकडे मागायचा. दुरुस्तीचा इतिहास मात्र कंपनीकडे असतो, म्हणून तीही हवी. कंपनीच्या वेबसाइटवर ‘ग्राहक सेवा’ असा एक पत्ता असतोच. ‘तक्रार निवारण अधिकारी’ किंवा ‘नोडल अधिकारी’ असा वेगळा पत्ता दिलेला असेल तर तोही घ्या. संचालकांपासून मंत्र्यांपर्यंत वीस जणांना पाठवायचा मोह आवरा. आमच्याकडे असे मेल आले की प्रत्येकाला वाटायचं, दुसरा कुणीतरी बघेल.

विषयाच्या ओळीत काय लिहायचं?

चार गोष्टी: वस्तू काय, मागणी काय, तारीख कोणती आणि सीरियल नंबर. वहिनींनी आधी लिहिलं होतं, ‘अत्यंत निकृष्ट सेवेबाबत तीव्र नाराजी’. त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. आम्ही ते असं बदललं:

> सदोष फ्रीज: रु. ३४,५०० परत करणे, मुदत सोमवार ५ जानेवारी २०२६ (सीरियल क्र. …)

मेल उघडलाच नाही तरी त्या ओळीतून मुदत पोचते. आणखी एक फायदा असा की पुढे जेवढी उत्तरं-प्रत्युत्तरं होतील, त्या प्रत्येकावर ही तारीख आपोआप छापली जाते. कंपनीच्या उत्तरातसुद्धा.

मुदत किती दिवसांची द्यायची? कायद्यात काही आकडा आहे का?

आहे, पण तो नीट समजून घ्यायला हवा. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कशाला म्हणायचं याची यादी आहे. सदोष वस्तू परत घ्यायला आणि तिचे पैसे द्यायला नकार देणं, ही त्यातली एक. त्यासाठी बिलावर किंवा पावतीवर मुदत लिहिलेली असेल तर ती धरायची, नसेल तर ३० दिवस.

म्हणून आधी बिल उलटसुलट करून वाचा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात काही मुदत छापलेली असेल तर तिचा उल्लेख मेलमध्ये आला पाहिजे. नसेल तर ३० दिवस द्या. मेल लिहिताना डोकं तापलेलं असतं, त्यामुळे बहुतेक जण ‘४८ तासांत पैसे परत करा’ असं लिहितात. त्याला कायद्याचा आधार नसतो आणि वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. अशी मुदत उलटली तरी कुणाला काही वाटत नाही, तुमची पुढची तारीखही मग कुणी मनावर घेत नाही.

हे ३० दिवस म्हणजे एकतिसाव्या दिवशी आपोआप पैसे मिळण्याची हमी नव्हे. कंपनी म्हणेल की वस्तू सदोष नाहीच, आम्ही दुरुस्त करून देतो. त्याला उत्तर म्हणून पुरावे लागतात. मुदत आणि पुरावे एकाच मेलमध्ये असायला हवेत, ते यासाठी.

‘३० दिवसांत’ असं लिहिलं तर चालेल ना?

नको. ३० दिवस कधीपासून? खरेदीपासून, पहिल्या फोनपासून, मेल मिळाल्यापासून, की कंपनीने तो ‘नोंदवल्यापासून’? कामाचे दिवस की सगळे? यातला प्रत्येक प्रश्न कंपनीच्या सोयीने सोडवला जातो. त्यापेक्षा हिशोब आपणच करून थेट तारीख लिहावी.

वहिनींचा मेल ४ डिसेंबर २०२५ ला, गुरुवारी गेला. पाठवल्याचा दिवस सोडायचा, ५ डिसेंबर हा पहिला दिवस धरायचा. ३१ डिसेंबरला २७ दिवस होतात आणि तिसावा दिवस येतो ३ जानेवारी २०२६. तो शनिवार. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून मुदत सोमवार ५ जानेवारी ठेवली. दोन दिवस जास्त गेले, पण ‘शनिवारी ऑफिस बंद होतं’ ही पळवाट उरली नाही. तारखेबरोबर वारही लिहा. वार लिहिताना माणूस कॅलेंडर बघतोच आणि आपली चूकही तिथेच सापडते.

त्या तारखेपर्यंत नेमकं काय झालेलं असायला हवं, तेही लिहा. ‘परताव्याची प्रक्रिया सुरू केली आहे’ हे उत्तर मी स्वतः शेकड्याने पाठवलंय, त्यामुळे त्याची किंमत मला माहीत आहे. वाक्य असं हवं: ‘रु. ३४,५०० ही रक्कम ५ जानेवारी २०२६ पर्यंत माझ्या खात्यात जमा झालेली असावी.’

मधली एखादी तारीख द्यावी का?

एकच द्या, लेखी उत्तराची. वहिनींनी गुरुवार ११ डिसेंबर दिली. सात दिवसांत उत्तर नाही आलं, तर त्याच मेलवर दोन ओळींची आठवण पाठवता येते आणि महिनाभर ताटकळत बसावं लागत नाही. मात्र मेलमध्ये दोनाहून जास्त तारखा मुदत म्हणून नकोत. ‘१० ला पिकअप, १५ ला तपासणी, २० ला मंजुरी’ असं वेळापत्रक आखून दिलंत, तर खरी मुदत कोणती ते तुम्हालाच सांगता येणार नाही.

पैसे, बदली फ्रीज की दुरुस्ती? तिन्ही मागून ठेवले तर?

तिन्ही मागितलेत तर कंपनी सर्वांत स्वस्तातलं देते, म्हणजे चौथ्यांदा टेक्निशियन. आणि कागदोपत्री तुमची मागणी पूर्ण झालेली असते.

वॉरंटी कार्डात सहसा दुरुस्तीचंच आश्वासन असतं. त्यामुळे पहिल्याच बिघाडाला ‘पैसे परत’ म्हणणं फारसं टिकत नाही, हे मी लोकांना तोंडावर सांगते. दुरुस्तीची संधी दिली आणि तरी तोच दोष परत आला, हे दाखवता आलं की मागणीला वजन येतं. वहिनींकडे तीन भेटी झाल्या होत्या, म्हणून थेट पैसे मागितले. मेलमध्ये ‘किंवा’ हा शब्द एकदाही आला नाही. कंपनीने पुढे बदली फ्रीज देऊ केला, तर घ्यायचा की नाही ते तेव्हा ठरवता येतं. आपणहून तो पर्याय पुढे करायची घाई नको.

पुरावा म्हणून नक्की काय जोडायचं?

बिल, सीरियल नंबरचा फोटो, दर भेटीची जॉबशीट आणि दोष दाखवणारं काहीतरी मोजमाप. फ्रीजच्या बाबतीत एवढ्यावर भागतं. वॉरंटी कार्डाचा फोटो असेल तर उत्तम, पण नवीन वस्तूच्या बाबतीत बिलाची तारीखच पुरते.

सीरियल नंबरचं स्टिकर बहुतेक फ्रीजमध्ये आतल्या बाजूच्या भिंतीवर, पुष्कळदा भाजीच्या ट्रेजवळ असतं. बिलावरचा नंबर आणि स्टिकरवरचा नंबर जुळतो का, ते मेल पाठवण्याआधी बघा. गोदामातून देताना अदलाबदल होते. नंबर जुळत नसेल तर तुमच्या मेलवर पहिलं उत्तर तेवढंच येतं आणि आठवडा फुकट जातो.

यातला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे जॉबशीट. तुमचं म्हणणं ते तुमचं म्हणणं. जॉबशीटवर मात्र कंपनीचाच माणूस लिहून गेलेला असतो. वहिनींच्या तीन जॉबशीट अशा होत्या: ५ नोव्हेंबरला ‘सेटिंग बदलले, कूलिंग ओके’, २१ नोव्हेंबरला ‘पीसीबी बदलला’, ३ डिसेंबरला ‘गॅस लीकेज, पार्ट पेंडिंग’. एक महिन्यात त्याच दोषाची तीन वेगळी कारणं. यावर आपण वेगळी टीका करायची गरजच नाही, तिन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या की पुरे.

टेक्निशियन जॉबशीट देतच नाही. ‘सगळं ऑनलाइन असतं’ म्हणतो.

मग त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर जे लिहिलंय त्याचा फोटो मागा. तोही नाही दिला तर तो जिन्यावरून खाली उतरण्याआधी कंपनीला एक छोटा मेल करा: ‘आज दुपारी १२.४० ला आपला टेक्निशियन आला. त्याने गॅस लीकेज असल्याचं सांगितलं, पार्ट नसल्याने दुरुस्ती केली नाही. जॉबशीट दिली नाही.’ त्याच दिवशी, त्याच तासाला लिहिलेल्या अशा टिपणाला महिन्याभराने आठवून लिहिलेल्या पानापेक्षा जास्त किंमत असते. फोनवरच्या बोलण्याचंही तसंच करायचं.

इथेच ओटीपीचंही सांगते. काही कंपन्यांत काम झाल्यावर ग्राहकाच्या फोनवर एक कोड येतो आणि तो टेक्निशियनला सांगितला की तक्रार ‘समाधानकारकपणे’ बंद होते. दारात उभा असलेला पोरगा गयावया करतो, ‘ताई, कोड द्या ना, नाहीतर माझा पगार कापतील.’ आपणही देतो. फ्रीज गार झाल्याशिवाय देऊ नये. फ्रीज गार झालाय की नाही हे कळायला रात्र जावी लागते, त्यामुळे ‘उद्या सकाळी देते’ हे बरोबर उत्तर आहे. आधीच देऊन बसला असाल तर मेलमध्ये तसं लिहा: कोड भेटीच्या वेळी घेतला, दोष दुसऱ्या दिवशी तसाच होता.

‘फ्रीज नीट गार होत नाही’ हे सिद्ध कसं करायचं?

साधा थर्मामीटर आणा, फ्रीजचा किंवा स्वयंपाकघरातला. तापाचा चालत नाही, त्यावर इतकं कमी तापमान दिसत नाही. एका पेल्यात पाणी घेऊन त्यात थर्मामीटर ठेवा, पेला खालच्या कप्प्यात मधल्या फळीवर ठेवा आणि रात्रभर दार उघडू नका. नुसत्या हवेत ठेवलेला थर्मामीटर दार उघडताक्षणी वर चढायला लागतो. पाण्यातला तसा पटकन चढत नाही, म्हणून आकडा भरवशाचा मिळतो. खालच्या कप्प्यात ४ ते ५ अंश सेल्सियसच्या आसपास दिसायला हवं. वहिनींच्या फ्रीजमध्ये ३ डिसेंबरच्या सकाळी १४ दिसले.

मग एक छोटा व्हिडिओ. सुरुवात सीरियल नंबरच्या स्टिकरपासून, तिथून कॅमेरा न थांबवता पेल्यातल्या थर्मामीटरवर, मग सेटिंगच्या बटणावर. वीस सेकंदांत होतं. नंबर आणि आकडा एकाच अखंड चित्रणात आले की ‘हा दुसऱ्याच फ्रीजचा फोटो आहे’ असं म्हणायची सोय राहत नाही. आदल्या रात्री स्टिकर कुठे आहे ते बघून ठेवा, म्हणजे दार उघडं टाकून शोधाशोध करावी लागणार नाही.

कंपनी कोणत्या शंका काढेल, तेही आम्हाला पाठ असायचं: सेटिंग कमी ठेवलं असेल, भिंतीला चिकटवून ठेवला असेल, सामान ठासून भरलं असेल, दार नीट लागत नसेल. म्हणून मेलमध्ये एकच वाक्य टाकलं: सेटिंग मध्यम, मागे जागा मोकळी, रात्रभर दार बंद. जे खरं असेल तेवढंच लिहा. घरात व्होल्टेजची कटकट असेल आणि तुम्ही ‘वीजपुरवठा उत्तम’ असं ठोकून दिलंत, तर सोसायटीतला एक माणूस विचारला की उघडं पडतं.

‘मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट’ असं लिहावं का?

मी लिहू देत नाही. तो निष्कर्ष आहे, तोही तज्ज्ञाचा. तुम्ही लिहिलात की सिद्ध करण्याची जबाबदारी ओढवून घेतलीत. तुम्ही काय पाहिलं ते लिहा: तापमान किती, कधीपासून, किती दुरुस्त्यांनंतर. प्रकरण पुढे ग्राहक आयोगात गेलं आणि तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. कायद्यात तशी सोय आहे.

फोटो-व्हिडिओ जोडताना काय चुका होतात?

आमच्याकडे आलेल्या मेलना ‘IMG_2039’ पासून ‘IMG_2061’ पर्यंत तेवीस फोटो जोडलेले असायचे आणि मेलमध्ये लिहिलेलं असायचं, ‘सर्व पुरावे सोबत जोडले आहेत’. कोण उघडून बघतो? फाइलला क्रमांक आणि तारीख द्या, आणि तोच क्रमांक मेलमधल्या ज्या वाक्याला लागू आहे तिथे कंसात लिहा. वहिनींच्या फाइली अशा होत्या:

```
01_bill_2025-10-12.pdf
02_serial_number.jpg
03_jobsheet_2025-11-05.jpg
04_jobsheet_2025-11-21.jpg
05_jobsheet_2025-12-03.jpg
06_thermometer_2025-12-03.mp4
```

वर्ष आधी लिहिलं की फाइली तारखेनुसार ओळीने लागतात. सहाच्या आत भागवा. आणखी वीस फोटो असतील तर ते राहू द्या तुमच्यापाशी.

आकाराचं भान ठेवा. जीमेलवर जोडण्यांची मर्यादा २५ एमबी आहे, आणि मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे प्रत्यक्षात १८ एमबीच्या आतच राहावं. कंपनीच्या मेलपेटीची मर्यादा याहून कमीही असू शकते. मी १० एमबीच्या वर जात नाही. व्हिडिओ मोठा असेल तर ड्राइव्हवर टाकून लिंक द्या, पण थर्मामीटरचा एक स्थिर फोटो जोडाच. लिंक उघडायची परवानगी ‘लिंक असलेल्या कुणालाही’ अशी आहे ना, ते दुसऱ्याच्या फोनवरून तपासा.

व्हॉट्सअपवरून फिरलेला फोटो मूळ फोटो राहत नाही. तो दाबला जातो, काढल्याची वेळ वगैरे तपशील गळून पडतात. मूळ फाइल ज्या फोनवर काढली त्याच फोनवर ठेवा आणि एक प्रत संगणकावर. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी प्रमाणपत्र लागू शकतं. त्या वेळी मूळ फोन हाताशी असलेला बरा.

संपूर्ण मेल कसा दिसतो?

वहिनींचा मेल, नावं काढून:

> प्रति,
> व्यवस्थापक, (दुकानाचे नाव), नाशिक
> तक्रार निवारण अधिकारी, (कंपनीचे नाव)
>
> महोदय,
>
> मी आपल्याकडून १२ ऑक्टोबर २०२५ रोजी घेतलेला फ्रीज सदोष आहे. कंपनीच्या तीन भेटींनंतरही दोष कायम आहे. फ्रीज परत घेऊन रु. ३४,५०० सोमवार, ५ जानेवारी २०२६ पर्यंत माझ्या खात्यात जमा करावेत, ही मागणी आहे.
>
> बिल क्र. … (जोडणी १). मॉडेल … , सीरियल क्र. … (जोडणी २).
>
> ३ नोव्हेंबर: पहिली तक्रार, क्र. … . ५ नोव्हेंबरची नोंद: ‘सेटिंग बदलले, कूलिंग ओके’ (जोडणी ३). दोष दुसऱ्या दिवशी तसाच.
> १९ नोव्हेंबर: दुसरी तक्रार, क्र. … . २१ नोव्हेंबरची नोंद: ‘पीसीबी बदलला’ (जोडणी ४). दोष आठवड्याच्या आत परत.
> १ डिसेंबर: तिसरी तक्रार, क्र. … . ३ डिसेंबरची नोंद: ‘गॅस लीकेज, पार्ट पेंडिंग’ (जोडणी ५). दुरुस्ती झाली नाही.
>
> ३ डिसेंबरला सकाळी ६.३० वाजता खालच्या कप्प्यातील पाण्याचे तापमान १४ अंश सेल्सियस होते (जोडणी ६). सेटिंग मध्यम, मागे जागा मोकळी, रात्रभर दार बंद होते.
>
> बिलावर परताव्याची वेगळी मुदत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९, कलम २(४७) नुसार अशा वेळी ३० दिवसांची मुदत लागू होते. वरील तारीख त्यानुसार दिली आहे.
>
> कृपया गुरुवार, ११ डिसेंबर २०२५ पर्यंत या मेलवर लेखी उत्तर द्यावे. फ्रीज माझ्या पत्त्यावर आहे. एक दिवस आधी कळवून तो नेता येईल. नेताना सीरियल क्रमांकासह पोच द्यावी. रक्कम यूपीआयने दिली होती, ती त्याच खात्यात परत करावी.
>
> ५ जानेवारी २०२६ पर्यंत रक्कम जमा न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार करीन.
>
> (नाव, पत्ता, मोबाइल)
> जोडण्या: ६

मुदत तीनदा आली आहे: विषयात, पहिल्या परिच्छेदात, शेवटी. तिन्ही ठिकाणी तीच तारीख. एका ठिकाणी ५ आणि दुसरीकडे ६ झालं तर सगळं बोंबललं. पाठवण्याआधी तारखा आणि रक्कम कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.

मनस्तापाची भरपाई याच मेलमध्ये मागू का? आणि नासलेलं दूध?

नासलेल्या सामानाचा हिशोब वेगळा ठेवा, पण पहिल्या मेलमध्ये मुख्य रकमेत मिसळू नका. ‘३४,५०० अधिक दूध १,२०० अधिक मनस्ताप ५०,०००’ असं झालं की चर्चा मनस्तापावर घसरते आणि बिलावरची निर्विवाद रक्कम बाजूला पडते. भरपाई आयोगापुढे मागता येते. मन मोकळं करायचं असेल तर एक वेगळा मेल लिहा आणि स्वतःलाच पाठवा. मी स्वतः मिक्सरच्या बाबतीत असा दीड पानी मेल खरोखरच कंपनीला पाठवला होता, त्यात मिक्सरचं मॉडेल लिहायचंच राहिलं.

मराठीत लिहू की इंग्रजीत?

दुकान आणि जिल्हा आयोग दोघांनाही मराठी चालते. पण कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र गुरुग्राम किंवा चेन्नईत असेल, तर ‘आम्हाला समजलं नाही’ म्हणून आठवडा जाऊ शकतो. तिथे इंग्रजीत लिहा, मोडकंतोडकं असलं तरी हरकत नाही. आकडे आणि तारखा अचूक असल्या की बास. महिना मात्र अक्षरांत लिहा. ५/१/२०२६ ही कुणाला ५ जानेवारी वाटते, कुणाला १ मे.

ऑनलाइन घेतला असेल तर काय बदलतं?

ई-कॉमर्ससाठी २०२० चे वेगळे नियम आहेत. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि तक्रार मिळाल्यापासून एक महिन्यात ती सोडवायची असते. मेलमध्ये ३० दिवसांच्या जोडीला या नियमांचा उल्लेख करा. विक्रेत्याचं नाव बिलावर वेगळं असतं, तेही लिहा. ‘रिटर्नची मुदत संपली’ असं ॲप सांगतं, पण ती ॲपने ठरवलेली सोय आहे. सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये, असं हे नियम सांगतात.

बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय.

छापू दे. आवडला नाही म्हणून परत करताना त्या ओळीचा काही उपयोग असेल, सदोष वस्तूला ती ढाल होत नाही. मेलमध्ये त्यावर वाद घालू नका, उल्लेखही नको.

ईएमआयवर घेतलाय. हप्ता थांबवू का?

थांबवू नका. कर्ज देणारी संस्था वेगळी असते, तिला फ्रीज गार होतो की नाही याच्याशी देणंघेणं नसतं, हप्ता चुकला की दंड तुम्हालाच. मेलमध्ये कर्ज खात्याचा क्रमांक आणि आजवर भरलेले हप्ते लिहा. कर्जाची उरलेली रक्कम त्या संस्थेकडे आणि भरलेली तुमच्याकडे परत यावी, असं स्पष्ट मागा.

मेल पाठवल्यावर काय करायचं?

आपोआप येणारी पोच जपून ठेवा, त्यातला तिकीट क्रमांक लिहून घ्या. पुढचं प्रत्येक उत्तर त्याच मेलवर द्या आणि विषय बदलू नका. विषय बदलला की पुष्कळ ठिकाणी नवं तिकीट तयार होतं. मेल परत आला तर परत आल्याचा संदेशही जपा आणि त्याच दिवशी दुसऱ्या पत्त्यावर पाठवा.

मुदत उलटली की १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्याने नाही भागलं तर तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे e-jagriti.gov.in वरून तक्रार करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मर्यादा आहे, आणि कंपनीशी मेल-मेल खेळत बसलात म्हणून ती लांबत नाही.

वहिनींना पैसे मिळाले का?

९ डिसेंबरला उत्तर आलं, ‘पार्ट उपलब्ध झाला आहे, टेक्निशियन पाठवतो’. त्यांनी दोन ओळींत कळवलं की मागणी पैसे परत मिळण्याची आहे आणि मुदत ५ जानेवारीच आहे. मग बदली फ्रीज देऊ केला, तोही नाकारला. ३० डिसेंबरला टेम्पो आला. नेणारा माणूस पोच द्यायला तयार नव्हता, म्हणून वहिनींनी फ्रीज दारातच ठेवून घेतला आणि दुकानात फोन लावला. अर्ध्या तासाने सीरियल नंबर लिहिलेला कागद आला. २ जानेवारीला पैसे जमा झाले, ३४,०००. पाचशे रुपये ‘वाहतूक’ म्हणून कापले होते. त्यासाठीचा मेल त्यांनी स्वतःच लिहिला, मला न दाखवता. विषयात तारीख होती.